जिना मोकळा आहे का?

२१ जानेवारी २०२१ च्या दुपारी पुण्याजवळ मांजरीत, सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीला आग लागली. करोनाची लस तिथे तयार होत होती, त्यामुळे सगळ्या देशाचं लक्ष त्या धुराकडे लागलं. लसीला धक्का लागलेला नाही हे कळलं आणि लोकांना हायसं वाटलं. जीवितहानी झालेली नाही, असंही सुरुवातीला सांगण्यात आलं होतं. आग आटोक्यात आल्यावर अग्निशमन दलाचे जवान वरच्या मजल्यावर पोहोचले, तेव्हा तिथे पाच मृतदेह सापडले. पाचही जण ठेकेदाराकडचे कामगार होते. वेल्डिंगच्या ठिणगीने इन्सुलेशनचं साहित्य पेटलं असावं, असं त्या वेळी प्राथमिक माहितीवरून सांगितलं गेलं.

मी बरीच वर्षं बांधकामांवर विजेची कामं पाहिली आहेत. त्या दिवशीच्या बातम्यांमधली एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. पाच माणसं वर राहिली आहेत, हे आग विझेपर्यंत बाहेर कळलं नव्हतं. आग कशी लागते आणि कशी विझवतात यावर बरंच बोललं जातं. आग लागली त्या क्षणी कोण कुठल्या मजल्यावर आहे आणि तो खाली कुठून येणार, हा प्रश्न मात्र साइटवर सहसा कुणी विचारत नाही. या लेखात त्याच प्रश्नाकडे जायचं आहे. पण त्याआधी तारा आणि माल यांच्याकडे पाहावं लागेल, कारण माणसाची वाट बहुतेक वेळा तेच अडवतात.

काँक्रीट जळत नाही, त्यामुळे अर्धवट इमारतीला आगीची काय भीती, असं अनेकांना वाटतं. सांगाडा उभा राहत असतो तेव्हा सेंटरिंगचं प्लायवूड आणि बल्ल्या सोडल्या तर जळण्यासारखं खरंच फार नसतं. धोका वाढतो तो फिनिशिंग सुरू झाल्यावर, म्हणजे शेवटच्या पाच-सहा महिन्यांत. तेव्हा दारं येतात, पीव्हीसी पाइप येतात, रंग, थिनर, फेव्हिकॉल, थर्मोकोल, फोम आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यांचे ढीग येतात. एकेका मजल्यावर टाइल्सवाले, प्लंबर, सुतार, रंगारी आणि एसीवाले असे चार-पाच ठेकेदार एकाच वेळी घुसतात. ताबा देण्याची तारीख जवळ आलेली असल्याने माणसंही दुप्पट असतात. आणि आगीपासून वाचवणाऱ्या गोष्टी, म्हणजे जिन्याचे अग्निरोधक दरवाजे, स्प्रिंकलर, धुराचा इशारा देणारी यंत्रणा, या सगळ्या त्याच इमारतीत सर्वांत शेवटी बसतात. जळण्यासारखं सगळं आलेलं आहे आणि वाचवणारं काहीच चालू झालेलं नाही, अशा अवस्थेत इमारत कित्येक महिने उभी असते. बांधकामाच्या सुरुवातीला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो आणि इमारत पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी होते. मधल्या काळाची जबाबदारी साइटवरच्या माणसांची.

आता तारांकडे येऊ. तात्पुरतं वायरिंग म्हणजे काम संपल्यावर काढून टाकायचं वायरिंग. ते काढूनच टाकायचं आहे, म्हणून कसंही केलं तरी चालतं, असा समज रुजलेला आहे. प्रत्यक्षात कायमच्या वायरिंगपेक्षा त्याला कितीतरी जास्त सोसावं लागतं. पाणी, घमेली, सळयांची टोकं, पायाखाली तुडवलं जाणं आणि दर आठवड्याला जागा बदलणं हे सगळं त्याच्या वाट्याला येतं.

एका मजल्याचा हिशेब मांडून पाहू. दोन टाइल्स कटर चालू आहेत, प्रत्येकी १४०० वॉटचे. फरशी घासायचं यंत्र आहे, ते २२०० वॉटचं. संध्याकाळ झाली आहे म्हणून ५०० वॉटचे चार जुने हॅलोजन लावले आहेत. बेरीज ७००० वॉट. २३० व्होल्टने भागलं तर सुमारे ३० अँपिअर. हे सगळं खालून वर आणलेल्या एका लांब तारेवर चाललं आहे आणि ती तार दीड चौरस मिलिमीटरची आहे, कारण स्टोअरमध्ये तेवढीच शिल्लक होती. या जाडीच्या तांब्याच्या तारेला साधारण १५ अँपिअरपर्यंत त्रास होत नाही. इथे दुप्पट प्रवाह जातो आहे. तारेतली उष्णता मात्र दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उरलेली तार गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवलेली असते. तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाव नसतो, म्हणून प्लास्टिकचं आवरण सर्वांत आधी तिथे वितळतं.

मग एमसीबी कशाला असते, असं वाचक विचारतील. एमसीबी आहेच, पण ती ३२ अँपिअरची आहे. आधी १६ ची होती. ती दिवसातून चारदा पडायची, काम थांबायचं, म्हणून कुणीतरी बदलून ३२ ची बसवली. तीस अँपिअर तिच्या दृष्टीने अगदी रास्त आहेत, म्हणून ती गप्प बसते आणि तार तापत राहते. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असते, यंत्राला नव्हे. म्हणून तिचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवायचा असतो. एमसीबी वारंवार पडत असेल तर जाड तार आणावी किंवा भार दोन तारांवर वाटावा. मोठी एमसीबी बसवणं म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराच्या तोंडाला चिकटपट्टी लावणं.

याहून कपटी असतो तो सैल जोड. कुठल्याही साइटवर तारेला तार पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसते. बिनप्लगची तार सॉकेटच्या भोकात घालून आगकाडीने घट्ट केलेली दिसते. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला आणि त्यातून १५ अँपिअर गेले, तरी सव्वाशेला जराच कमी, म्हणजे ११२ वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. जुना शंभर वॉटचा दिवा तासभर जळल्यावर हाताला कसा लागायचा ते आठवा. तोच दिवा टेपमध्ये गुंडाळून प्लायवूडच्या थप्पीवर ठेवल्यासारखं हे आहे. या जोडातून जास्त प्रवाह जात नाही, म्हणून एमसीबीला काही कळत नाही. वीज जमिनीत गळत नाही, म्हणून आरसीसीबीलाही कळत नाही. हा दोष फक्त माणसाला कळतो. कटर सुरू झाला की शेजारचा दिवा मंदावतो, टेप तपकिरी आणि चकचकीत झालेली असते, जळक्या माशासारखा वास येतो, प्लगला हाताची मागची बाजू लावली तर तो गरम लागतो. दुपारच्या जेवणाआधी वायरमनने मजल्यामजल्यावर फिरून एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

एका उपनगरात तेरा मजल्यांच्या इमारतीवर मी असताना नवव्या मजल्यावर असाच एक जोड पेटला. खाली सुताराने रंधलेल्या लाकडाच्या ढलप्या पडलेल्या होत्या. नशिबाने एक बिगारी तिथेच डबा खात बसला होता. त्याने घमेल्यातली ओली वाळू उपडी केली आणि आग विझली. नंतर पॅनल उघडून पाहिलं तर आरसीसीबीला वळसा घालून तार थेट जोडलेली होती. वायरमनला विचारलं, तर तो खरं तेच म्हणाला, ‘‘साहेब, क्युरिंगचं पाणी उडालं की ती पडते. एकदा पडली की तेराच्या तेरा मजल्यांचं काम बंद. मुकादम माझ्या नावाने ओरडतो.’’

त्याच्यावर रागवून उपयोग नव्हता, कारण चूक मांडणीची होती. सगळ्या इमारतीला मिळून एकच आरसीसीबी ठेवली, तर ती कुणीतरी बंद पाडणारच. आम्ही मग मांडणी बदलली. खालच्या मुख्य पॅनलमधून डक्टमध्ये एकच जाड, पोलादी आवरणाची केबल वर नेली. दर दोन मजल्यांना झाकणाचा एक छोटा डीबी बसवला आणि प्रत्येक डीबीत ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी दिली. आता एका मजल्यावर पाणी उडालं तर तेवढीच जागा बंद पडायची, आणि ज्याचा जोड ओला त्याचा तोच शोधायचा. साधे घरगुती सॉकेट काढून पाणी न शिरणारे औद्योगिक प्लग-सॉकेट लावले. त्यात आगकाडी खोचताच येत नाही. तारा जमिनीवरून उचलून डोक्याच्या वर टांगल्या. सळईला तार बांधायची नाही, हे मात्र रोज सांगावं लागायचं.

त्या मांडणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच होती. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांची लाइन मुख्य पॅनलच्याही आधीपासून वेगळी घेतली होती. आग लागली की पहिलं काम म्हणजे वीज बंद करणं. ती बंद केली आणि त्याबरोबर जिन्यात अंधार झाला, पंपही थांबला, तर वरच्या माणसांना आपणच कोंडलं असं होतं. ही वेगळी लाइन टाकायला फार खर्च येत नाही. तरीही ती मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

वेल्डिंगबद्दल इथेच सांगतो, कारण तीही वीजच आहे. वेल्डिंग सेटची परतीची तार कामाच्या जवळच पकडीने लावायची असते. आळसाने ती कुठल्याही उघड्या सळईला अडकवतात. मग शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह आपली वाट स्वतः शोधत सळया, पाइप आणि परांचीचे जोड यांमधून फिरतो, आणि वेल्डरला दिसणारही नाही अशा जागी एखादा सैल जोड लाल होतो. ठिणग्यांचं भय सर्वांना माहीत असतं, पण त्या किती दूर जातात याचा अंदाज नसतो. वितळलेल्या लोखंडाचे थेंब दहा मीटरपर्यंत उडतात. म्हणून अकरा मीटरच्या आत जळण्यासारखं काही ठेवायचं नाही, ठेवावंच लागलं तर न जळणाऱ्या कापडाने झाकायचं, असा संकेत आहे. थेंब फटीतून, पाइपच्या भोकातून खालच्या मजल्यावर पडतो आणि फोमच्या किंवा गोणपाटाच्या आत धुमसत बसतो. वेल्डर सामान आवरून जेवायला जातो, आणि ज्वाळा त्यानंतर दिसते. म्हणून काम संपल्यावरही एक माणूस पाण्याची बादली किंवा सिलिंडर घेऊन तिथे आणि खालच्या मजल्यावर थांबायला हवा. अमेरिकेतल्या संहितेत ही वेळ पूर्वी अर्धा तास होती, ती वाढवून आता एक तास केली आहे. आपल्याकडे हा माणूस हजेरीपटावर ‘बसून’ दिसतो, म्हणून त्याला कमी करतात.

आता माल. साइटवर स्टोअर कुठे असतं? ते तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये, बहुतेकदा जिन्याच्या खाली किंवा शेजारी असतं. कारण साधं आहे. तिथे तीन भिंती आयत्या मिळतात, चौथीला दार लावलं की कुलूप घालता येतं, आणि वर माल न्यायला जवळ पडतं. चोरीच्या दृष्टीने जागा उत्तम, आगीच्या दृष्टीने याहून वाईट जागा सापडणार नाही. वरच्या सगळ्या माणसांना ज्या एका वाटेने उतरायचं, त्या वाटेच्या पायथ्याशी आपण रंग, थिनर आणि फोम रचून ठेवतो. तिथे आग लागली की जिना धुराड्यासारखा काम करतो. दरवाजे बसलेले नसल्याने धूर अडवणारं काहीच नसतं. गरम धूर काही सेकंदांत एकेक मजला चढतो, आणि माणसाला एक मजला उतरायला पंधरा-वीस सेकंद लागतात. या शर्यतीत माणूस हरतो.

थिनरचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. आपल्या हवामानात त्याची वाफ आपोआप निघत असते, त्यासाठी गरम करावं लागत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, पायऱ्यांवरून खाली उतरते, खड्ड्यात साठते. डबा एका खोलीत आणि ठिणगी दुसऱ्या खोलीत असूनही आग लागते ती यामुळे. बेसमेंटमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर कटिंगसाठी नेऊ नये, त्याचंही कारण हेच. तो गॅसही जड आहे, गळला तर तळाशी साचून राहतो आणि नाकाच्या उंचीवर वासही नीट येत नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर आणि जळणाऱ्या गॅसचं सिलिंडर साठवताना त्यांच्यात सहा मीटर अंतर किंवा मध्ये न जळणारी भिंत हवी. दोन्ही उभी आणि साखळीने बांधलेली हवीत.

यावरचा उपाय मला सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक वाटतो. रंगाचं, थिनरचं स्टोअर इमारतीबाहेर, कंपाउंडच्या कडेला, हवा खेळती राहील अशा पत्र्याच्या खोलीत न्यायचं, आणि वरच्या मजल्यावर त्या दिवसापुरताच माल चढवायचा. संध्याकाळी उरलेला डबा खाली परत आणायचा. रंगारी कुरकुर करतात, कारण दहा मजले डबा वाहून न्यायचा त्रास असतो. पण संध्याकाळी आणून ठेवलेला डबा मोजता येतो. मजल्यावर राहिलेले डबे कुणीच मोजत नाही.

फोम आणि थर्मोकोल यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांची आग दिसायला साधी असते. युरेथेन फोम पेटला की ज्वाळेपेक्षा धूर मारतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो आणि काही श्वासांतच माणूस कोसळू शकतो. दक्षिण कोरियातल्या इचॉनमध्ये २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम सुरू असलेल्या शीतगृहाच्या गोदामात ३८ कामगार गेले. पोलिसांच्या तपासानुसार तळघराच्या दुसऱ्या पातळीवर पाइपचं वेल्डिंग चालू होतं आणि ठिणगीने छताचा युरेथेन फोम पेटला. कामाची मुदत गाठण्यासाठी त्या दिवशी नेहमीपेक्षा खूप जास्त माणसं कामाला लावली होती. ठिणग्यांवर नजर ठेवणारा माणूस नव्हता. आणि तळघरातून बाहेर पडायची एक आपत्कालीन वाट विटांनी बंद केलेली होती, आतल्या भिंतींवर दव साचू नये म्हणून. तपासात असंही समोर आलं की काही कामगार त्या बंद भिंतीपर्यंत पोहोचले होते, ती फोडून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात ते गेले. वाट नकाशावर होती, ती शोधत ते तिथवर गेलेही, आणि तिथे भिंत होती.

तिथली भिंत कुणी दुष्टपणाने बांधली नव्हती. कामाच्या एका गरजेने दुसऱ्या गरजेवर मात केली, एवढंच. आपल्या साइटवरही वाट अशाच सोयींनी बुजते. टाइल्सच्या पेट्या जिन्याच्या चौकात ठेवतात, कारण तिथून दोन्ही फ्लॅटना जवळ. पुट्टीची पोती पायऱ्यांवर एकेक करून रचतात, कारण वर उचलून न्यायचा एक टप्पा वाचतो. दुसऱ्या जिन्याच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट बसवायचं म्हणून तो पंधरा दिवस बंद करतात आणि त्याच पंधरवड्यात पहिल्या जिन्यात रंगकाम काढतात. पहिला आणि दुसरा जिना एकाच वेळी अडकणार नाहीत, हे कामाच्या वेळापत्रकात लिहून ठेवावं लागतं. तोंडी सांगून ते होत नाही.

डक्ट ही आणखी एक वाट आहे, पण ती आगीची. लिफ्टचं भुयार आणि पाइपांचे डक्ट शेवटपर्यंत उघडे असतात. वरच्या मजल्यांवरचा कचरा, पुठ्ठे, थर्मोकोल हे सगळं त्यातून खाली टाकायची पद्धत आहे. तळाशी ढीग साचतो. वरून एखादी ठिणगी किंवा विडीचं थोटूक त्यात पडलं की आग सगळ्या मजल्यांना एकदम भिडते. डक्ट स्लॅबच्या पातळीवर बंद करायचे आणि कचरा रोज गोणीत भरून खाली न्यायचा, एवढंच त्यावर करायचं असतं. लिफ्टच्या तोंडाशी नुसती प्लायची फळी लावून भागत नाही. धुरात माणूस भिंतीला हात लावून चालतो, आणि ती फळी ढकलली गेली तर तो आगीने नाही, पडून मरतो. बांधकामावरच्या धुरात हा धोका राहत्या इमारतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पाण्याची गोष्ट आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलेली आहे. बांधकाम चालू असतानाच किमान १०० मिलिमीटर व्यासाचा कोरडा उभा पाइप मजल्याबरोबर वर न्यायचा, प्रत्येक मजल्यावर त्याला तोंड ठेवायचं आणि खाली अग्निशमन गाडीला पाणी भरता येईल अशी जोडणी द्यायची. प्रत्येक मजल्यावर पाण्याची पिंपं आणि दोन बादल्या ठेवायच्या. खाली किमान २०,००० लिटरची टाकी हवी. ही टाकी बांधकामाच्या पाण्यासाठीही वापरायची मुभा संहितेने दिली आहे, आणि घोळ तिथेच होतो. उन्हाळ्यात क्युरिंगला पाणी लागतं, दुपारपर्यंत टाकी तळाला जाते. यावर एका जुन्या प्लंबरने मला उपाय दाखवला होता. बांधकामाच्या पंपाचा खेचायचा पाइप टाकीत तळापर्यंत सोडायचाच नाही, २०,००० लिटरच्या पातळीच्या वर तोडायचा. पाणी तिथवर उतरलं की तो पंप हवा ओढायला लागतो आणि राखीव पाणी आपोआप सुरक्षित राहतं. कुणाला सूचना द्यावी लागत नाही, कुणावर पहारा ठेवावा लागत नाही.

आता पुन्हा मांजरीतल्या त्या प्रश्नाकडे. कोण कुठे आहे? फाटकावरच्या रजिस्टरमध्ये १४० माणसं आत गेली एवढंच कळतं, आणि त्यातही उपठेकेदाराने दुपारी आणलेली सहा माणसं नसतात. मी पाहिलेली सर्वांत चांगली पद्धत अगदी साधी होती. जिन्याच्या पायथ्याशी मजल्यांच्या खिळ्यांचा एक फळा होता. प्रत्येक कामगाराला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला दिलेला होता. वर जाताना बिल्ला आपल्या मजल्याच्या खिळ्याला अडकवायचा, उतरताना काढून घ्यायचा. आग लागली की मुकादमाने फळ्याकडे पाहायचं. सातव्या मजल्याच्या खिळ्याला तीन बिल्ले लटकत असतील तर वर तीन माणसं आहेत, हे अग्निशमन दलाला पहिल्याच मिनिटाला सांगता येतं. पहिला आठवडा सगळे विसरायचे. मग मुकादमांनी नियम केला की बिल्ला नसलेल्याची त्या दिवशीची हजेरी लागणार नाही.

इशारा कसा द्यायचा हेही ठरलेलं हवं. कटर चालू असताना माणसाची हाक दहा फुटांवर ऐकू जात नाही, बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. दर तीन-चार मजल्यांवर दाबून फुंकायचा हवेचा भोंगा किंवा टांगलेला लोखंडाचा तुकडा आणि हातोडी असली तरी चालते, पण त्याचा आवाज दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरायचा नाही. कामगारांत कुणी बिहारचा, कुणी बंगालचा, कुणी नांदेडचा असतो. म्हणून पाट्यांवर अक्षरांपेक्षा बाणांवर भर द्यावा, बाण अंधारात चमकणाऱ्या रंगाने काढावेत, आणि धुरात वरचा भाग दिसत नाही म्हणून ते गुडघ्याच्या उंचीवर असावेत. तेरा मजले आणि प्रत्येकी वीस सेकंद धरले तर उतरायला चार मिनिटं वीस सेकंद लागतात, तेही वाट मोकळी असताना. एकदा सगळ्यांना भोंगा वाजवून खाली बोलावून घड्याळ लावून पाहिलं की कुठे कोंडी होते ते कळतं. आमच्या पहिल्या सरावात सर्वांत उशिरा आली ती बेसमेंटमधली माणसं, कारण त्यांच्यापर्यंत आवाजच गेला नव्हता.

रात्रीचं काय? पुष्कळ साइटवर काही कामगार खालच्या मजल्यांवरच झोपतात. चूल किंवा छोटा गॅस तिथेच असतो, आणि वॉचमन बाहेरून कुलूप लावून फाटकाजवळ बसतो. फळ्यावर त्यांचा बिल्ला नसतो, कारण कागदोपत्री ते तिथे नसतातच. माझ्या मते कामगारांना बांधल्या जाणाऱ्या इमारतीत झोपू देणं हे कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. त्यांची राहण्याची सोय वेगळी हवी. आणि ती होईपर्यंत ज्या दारामागे माणूस झोपला आहे, त्याला बाहेरून कुलूप लागता कामा नये.

तुम्ही फ्लॅट बुक केला असेल, तर काम कुठवर आलं ते पाहायला शेवटच्या महिन्यांत साइटवर जालच. टाइल्सचा रंग पाहून झाला की परतताना जिन्याने उतरा. चौकात पेट्या रचलेल्या दिसल्या, दिवे नसले, पायथ्याशी थिनरचा वास आला, तर साइट इंजिनिअरला त्याबद्दल विचारा आणि बिल्डरला लेखी कळवा. तुमचा हप्ता वेळेवर येतो तसा तुमचा हा प्रश्नही त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या. तुमच्या घराला रंग देणारा माणूस त्याच जिन्याने संध्याकाळी खाली यायचा आहे.